तीन दिवसांपूर्वीची जुनी गळती

मालकांचा टायच्या गाठीवर राग होता.

बातम्यांची वेबसाईट त्यांची, पण तिच्यावर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान बातमीचं नव्हतंच. ते होतं ‘टायची गाठ कशी बांधावी’. मुलाखतीला निघालेला, लग्नाला निघालेला, कोर्टात तारखेला निघालेला, जो तो आरशापुढे उभा राहून, गळ्यात पट्टा लोंबत ठेवून, हेच शोधायचा आणि आमच्या या मंडळींच्या पानावर यायचा. गेल्या वर्षापासून मात्र यायचा बंद झाला होता.

“का?” मालकांनी मीटिंगमध्ये विचारलं. मीटिंग म्हणजे काचेच्या खोलीत चौघं. मालक, वृत्तसंपादक, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, वेबसाईट चालवणारा प्रोग्रॅमर, ज्याला सगळे ठिगळ म्हणायचे कारण तो नवीन काही शिवत नसे, फाटलं तिथं जोडत असे, आणि सर्चबाई. सर्चमध्ये आपली पानं लोकांना दिसावीत, दिसली की लोकांनी ती उघडावीत, हे बघणं तिचं काम. तिचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, बाकी कुठं नाही.

सर्चबाईनं मोबाईलवर शोधून दाखवलं. पानाचं नाव, त्याखाली मजकुराच्या दोन ओळी, आणि त्या ओळींच्या आधी बारीक करड्या अक्षरात तारीख. सात वर्षांपूर्वीची.

“लोकांना वाटतं शिळं आहे. आपल्या खाली दुसऱ्या साईटचं पान दिसतं, त्यावर तारीखच नाही, म्हणून ते तिकडे जातात.”

“सात वर्षांत गाठ बदलली का?” मालकांनी विचारलं.

“नाही.”

“गळा बदलला?”

आबा डोळे मिटून बसले होते, ते तसेच म्हणाले, “तुमचा बदललाय थोडा.”

मालकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. “मग काढा ती तारीख.”

सर्चबाईनं समजावून सांगितलं. तारीख आपण तिथं लिहीत नाही, सर्चवालं यंत्र लिहितं. ते आपल्या पानावर येतं, लेखाच्या डोक्यावर दिसणारी तारीख बघतं, कोडाच्या आत यंत्रासाठी वेगळी लिहिलेली असते ती बघतं, आणि स्वतःच्या अकलेनं ठरवतं. आपण दोन्हीकडून काढली तर बहुतेक वेळा ते काही दाखवत नाही. बहुतेक वेळा, नक्की नाही. आणि काढायची तीसुद्धा जे नासत नाही त्यावरचीच. टायची गाठ, शाईचा डाग, पोहायला शिकणं, हे बारमाही. मोबाईलची सेटिंग दर वर्षी बदलतात, त्यावर तारीख हवी, आणि लेख खरंच सुधारला असेल तेव्हाच ‘सुधारित’ लिहायचं. बातमीवरची तर कधीच काढायची नाही.

“बातमीला तारीख नसली की ती अफवा होते,” आबा म्हणाले. हे ते दर मीटिंगला म्हणायचे, विषय पंख्याचा असला तरी.

सर्चबाईनं ठिगळला काम लिहून दिलं. नीट, मुद्देसूद, ठळक अक्षरात. ‘माहिती’ विभागातल्या लेखांवरची तारीख काढावी, दिसणारीही आणि कोडातलीही. मोबाईलचे लेख वगळावेत. ‘बातम्या’ विभागाला हात लावू नये.

ठिगळनं जेवणानंतर काम हातात घेतलं आणि चहाच्या आत संपवलं. तो इतक्या लवकर काम संपवायचा तेव्हा सर्चबाई सगळं स्वतः तपासायची. तिनं टायचं पान उघडून बघितलं, शाईच्या डागाचं बघितलं, चार ताज्या बातम्या बघितल्या. बारमाही लेखांवरची तारीख गेली होती, बातम्यांवरची जागच्या जागी होती. तिनं यादीतलं काम खोडलं.

पुढच्या आठवड्यात गंमत झाली. टायच्या गाठीपुढे सर्चमध्ये नवीनच तारीख आली. ‘२ दिवसांपूर्वी’.

सर्चबाईनं डोकं खाजवलं. मग तिला दिसलं. वेबसाईटच्या अगदी वर, नावाच्या शेजारी, छापील पेपरची हौस म्हणून मालकांनी आजचा वार आणि आजची तारीख लावून घेतली होती, प्रत्येक पानावर. लेखाची तारीख गेली, पानावर दुसरी कुठली तारीख उरली नाही, यंत्राला ही सापडली. ते ज्या दिवशी आलं त्या दिवसाची तारीख त्यानं उचलली आणि गाठ त्याच दिवशी बांधल्यासारखी छापून टाकली.

ती मालकांकडे गेली. “डोक्यावरची तारीख काढावी लागेल. आपले जुने लेख परवाचे दिसतायत.”

मालकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं लग्नात आहेर परत द्यायला आलेल्याकडे बघतात. मग त्यांनी आकडे उघडून दाखवले. टायची गाठ वर चढली होती. शाईचा डाग वर चढला होता. ‘पाण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी पोहणं’ तर असं चढलं होतं की खाली बघितलं तर चक्कर यावी.

“खोटी तारीख आहे पण ती,” सर्चबाई म्हणाली.

“आपण लिहिली का?”

“नाही.”

“कुणी लिहिली?”

“यंत्रानं.”

“मग यंत्राशी भांडायला आपण कोण?” असं म्हणून मालकांनी सगळ्यांसाठी कॉफी सांगितली. या ऑफिसात मालकांची कॉफी म्हणजे मोठी गोष्ट. आबांना जाग आली.

पोहण्याचं ते पान सर्चबाईनं स्वतः लिहिलं होतं, नवी असताना. त्यातलं सगळं तिच्या दादाचं होतं. आधी नुसतं काठावर बसा, पाय सोडा. मग पायरीवर उभं राहून तोंड पाण्यात घाला आणि फुगे सोडा. मास्तर घाई करत असेल तर मास्तर बदला. फोटोही दादाचाच, कमरेएवढ्या पाण्यात, हात पसरून, समोरून कुणी तरी येणार असल्यासारखा. खाली तलावाचं नाव आणि फोन.

दादा तलाव चालवायचा. मालकी एका ट्रस्टची, पण सकाळी कुलूप काढणं, पाणी तपासणं, पोरांना शिकवणं, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवणं, शिट्टी फुंकणं सगळं त्याचं. वहिनी खिडकीत बसून नावं घ्यायची. करार पाच वर्षांचा असायचा आणि तो या महिन्यात संपत होता. ट्रस्टची बैठक गुरुवारी होती. ट्रस्टचे अध्यक्ष, माजी प्राचार्य, तलावाच्या जागी गाड्या लावायची सोय करावी या मताचे होते. पण बाकीचे म्हणायचे, नव्या बॅचेस भरल्या तर तलाव ठेवू. दर वर्षी भरायच्या. नोंदणीच्या पहिल्या दिवशी रांग फाटकाबाहेर जायची आणि वहिनीचा आवाज बसायचा.

यंदा वहिनीचा आवाज खणखणीत होता.

तिनं फोन केला तेव्हा “वन्सं” म्हणून सुरुवात केली, आणि सर्चबाईला कळलं की काही तरी बिनसलंय. वहिनी एरवी तिला नावानं हाक मारायची. वन्सं फक्त रागात.

“वन्सं, लोक फोन करून विचारतायत मुलं कशी आहेत.”

“कुणाची मुलं?”

“हॉस्पिटलातली. नऊ मुलं म्हणे हॉस्पिटलात आहेत. आमच्याकडून गेलेली.”

सर्चबाई संध्याकाळी तलावावर गेली. निळ्या फरश्या, स्वच्छ पाणी, आणि पाण्यात फक्त दोन म्हाताऱ्या बायका, गळ्यापर्यंत बुडून सुनांबद्दल बोलत. दादा काठावर खुर्ची टाकून बसला होता. शिट्टी गळ्यात होती, ती फुंकायला कुणी नव्हतं.

“बस, बारके,” तो म्हणाला आणि मोबाईल पुढे केला.

तिनं तलावाचं नाव शोधलेलं पान बघितलं. सगळ्यात वर तिच्याच वेबसाईटची बातमी. ‘क्लोरीन गळतीमुळे नऊ मुलं रुग्णालयात, तलाव बंद’. आणि त्याखाली, मजकुराच्या आधी, करड्या अक्षरात: ‘३ दिवसांपूर्वी’.

ही गळती तिला आठवत होती. सात वर्षांपूर्वीची. गॅसच्या नळकांड्याची झडप सैल झाली, वास पसरला, मुलांना तपासायला नेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी घरी आली, त्यातल्या दोघांनी तर वाटेत आईस्क्रीम खाल्लं. दादानं त्यानंतर गॅसच काढून टाकला, पाण्यात टाकायचं पातळ औषध आणलं. आठवड्यानं तलाव उघडला. त्याचीही बातमी आली होती, पण ती आता कुणी शोधत नव्हतं. उघडलेल्या तलावात कुणाला काय रस.

“तीन दिवसांपूर्वी मी इथं बसून फरशीचं शेवाळ घासत होतो,” दादा म्हणाला. “नऊ मुलं गेली असती हॉस्पिटलात तर माझ्या लक्षात आलं असतं, असं मला वाटतं.”

“मी बघते.”

“तुझ्याच पेपरात आहे ना ते?”

“बघते म्हटलं ना, दादा.”

“नाही, तू बघशीलच. मी म्हटलं, सांगावं. बाहेरच्याकडून कळण्यापेक्षा.” मग तो हसला. त्याचं हसणं असं होतं की त्यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठिगळच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. “बातम्यांना हात लावू नको म्हटलं होतं मी.”

“नाही लावला.”

“ही बातमी नाही?”

ठिगळनं बघितलं, टाइप केलं, परत बघितलं. “ही ‘माहिती’त आहे.”

“क्लोरीन गळती ‘माहिती’त?”

“जुनी आहे ना.” तो तिला असं समजावू लागला जसं तिनं साधं काही विचारलंय. पाच वर्षांपूर्वी साईट नवी केली तेव्हा जुन्या लेखांना विभागच नव्हते. नव्या साईटला विभागाशिवाय लेख चालत नव्हता. मग त्यानं सगळे एका विभागात ढकलले. यादीत पहिला होता त्यात.

“आणि पहिला होता...”

“‘माहिती’.”

सर्चबाई बाजूच्या खुर्चीवर बसली. म्हणजे साईट नवी होण्याआधीचे सगळे अपघात, सगळे संप, सगळ्या आगी, पडलेले पूल आणि मेलेले पुढारी टायच्या गाठीशेजारी जाऊन बसले होते. तिनं आपल्या हातानं, ठळक अक्षरात, त्यांच्यावरची तारीख पुसून घेतली होती. तिनं तपासल्या त्या बातम्या ताज्या होत्या, म्हणून जागच्या जागी होत्या. जुन्या तपासायचं तिला सुचलं नव्हतं, कारण जुन्या बातम्या ‘बातम्या’तच असतील असं कुणालाही वाटेल. ठिगळ सोडून.

“सगळ्या परत हलव.”

“त्यात खरे माहितीचे लेखपण आहेत. पोहण्याचं पानही आहे. एकेक बघावा लागेल.”

“मग आत्तापुरती सगळ्यांवर तारीख परत लाव.”

“मालकांना विचार.”

मालक पायातले मोजे वर ओढत होते. शुक्रवारी जाहिरातवाली मोठी कंपनी येणार होती, तिला चढते आकडे दाखवायचे होते. सर्चबाईनं सगळं सांगितलं. जुन्या बातम्या ताज्या दिसतायत, एकीमुळे एक तलाव बंद पडायची वेळ आलीये. तलाव कुणाचा हे तिनं सांगितलं नाही.

“गळतीची बातमी?” मालकांनी आकड्यांत शोधलं. “अरे वा. चौथ्या नंबरवर आहे.”

“ती सात वर्षांपूर्वीची आहे.”

“मग जुनी असूनही चाललीये, हे आपलं यश नाही का?”

“लोक घाबरलेत, सर.”

“घाबरल्याशिवाय बातमी कोण उघडतं? शुक्रवारपर्यंत कशाला हात लावायचा नाही. शनिवारी तुम्ही सगळ्या तारखा लावा, ग्रहण लावा, काय हवं ते लावा.”

दाराशी आबा उभे होते. सर्चबाई बाहेर पडली तसे ते तिच्याबरोबर चालू लागले. तिला वाटलं, आता आबा काही तरी करतील. चाळीस वर्षं पेपरात काढलेला माणूस.

“बातमीला तारीख नसली की ती अफवा होते,” आबा म्हणाले.

“हो आबा. मग काय करायचं?”

“ते मी पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो,” असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. झोपायच्या आधी ते दार लोटायचे.

शेवटी सर्चबाईनं ठिगळच्या टेबलावर मालकांची उरलेली कॉफी नेऊन ठेवली. “एकच लेख. तो तेवढा ‘बातम्या’त टाक. मालकांना कळणार नाही.”

“कळलं तर?”

“तर मी सांगितलं म्हणून सांग.”

“ते तर मी सांगणारच,” ठिगळ म्हणाला, पण त्यानं केलं. पान उघडलं तर डोक्यावर सात वर्षांपूर्वीची तारीख परत आली होती, कोडातही आली होती. सर्चबाईनं सर्चवाल्यांकडे विनंती टाकली की पान बदललंय, परत येऊन बघा. अशी विनंती करता येते. ते कधी येतील हे मात्र ते सांगत नाहीत. आज येतात, आठवड्यानं येतात. ते येऊन बघून जाईपर्यंत जुनंच दिसत राहतं.

तिनं दादाला फोन करून सगळं सांगितलं. पान दुरुस्त झालंय. बाहेरची तारीख बदलायला वेळ लागेल. कुणी विचारलं तर पान उघडून दाखव, आत खरी तारीख आहे.

“म्हणजे दारावर ‘मेला’ लिहिलंय, पण आत गेलं तर जिवंत आहे.”

“तसंच काहीसं.”

“बरं,” दादा म्हणाला. “आत जाणारं कुणी भेटलं तर बरं होईल.”

ती दिवसभर शोधत राहिली. चार दिवसांपूर्वी. दुसऱ्या दिवशी पाच दिवसांपूर्वी. यंत्र प्रामाणिकपणे मोजत होतं, फक्त चुकीच्या टोकापासून. विनंती पुन्हा टाकून उपयोग नव्हता, एकदा टाकली की ती रांगेत असते, पुन्हा टाकली म्हणून पुढे सरकत नाही. तरी तिनं पुन्हा टाकली. माणूस लिफ्टचं बटन दाबतो ना, दिवा लागलेला असताना, तसं.

गुरुवारी ट्रस्टच्या बैठकीला दादानं तिला बरोबर नेलं. तीच म्हणाली होती, मी येऊन समजावते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सहा जण. अध्यक्ष टोकाला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, “क्लोरीन गळती. नऊ मुलं. तलाव बंद. सहा दिवसांपूर्वी.”

“ते जुनं आहे, सर,” दादा म्हणाला. “सात वर्षांपूर्वीचं. तेव्हा तुम्हीच चौकशी केली होती. तुमच्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे.”

“चौकशी केली होती, आठवतंय मला. मी म्हणतोय, परत झालं की काय.”

“परत व्हायला तिथं गॅसच नाही.”

“मग इथं सहा दिवसांपूर्वी का लिहिलंय?”

दादानं बहिणीकडे बघितलं. सर्चबाई पुढे झाली. “सर, ती तारीख यंत्रानं चुकून घेतलीये. तुम्ही बातमी उघडून बघा. आत खरी तारीख आहे.”

अध्यक्षांनी उघडलं. बराच वेळ अंगठ्यानं वर-खाली केलं. “वर आजची तारीख आहे.”

“ती वेबसाईटची. त्याच्या खाली बघा, बातमीची.”

“हं. सात वर्षांपूर्वीची आहे खरी.” त्यांनी मोबाईल शेजारच्या सभासदाला दाखवला, त्यानं पलीकडच्याला. तो फिरत फिरत परत आला. “म्हणजे बाहेर एक आहे आणि आत एक आहे.”

“हो. आतली खरी.”

“पण मी परवा उघडली होती ही बातमी,” तिसऱ्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या. त्या तलावाच्या बाजूनं होत्या, त्यांची नात दादाकडे शिकली होती. “तेव्हा आत तारीखच नव्हती. मी मुद्दाम शोधली होती.”

“आम्ही मंगळवारी लावली,” सर्चबाई म्हणाली.

ती म्हणाली आणि तिला कळलं. खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम कळलं.

“आम्ही म्हणजे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी तिथं काम करते.”

“आणि तुम्ही यांच्या...”

“बहीण,” दादा म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. त्यांना राग आलेला नव्हता. उलट, फार दिवसांनी विद्यार्थ्याच्या बाहीत चिठ्ठी सापडावी तसे ते शांत आणि प्रेमळ झाले होते. “म्हणजे बातमी आली. लोकांनी वाचली. मग बैठकीच्या दोन दिवस आधी तुमच्या बहिणीनं त्यावर सात वर्षांपूर्वीची तारीख लावली.”

“ती तिची खरीच तारीख आहे,” सर्चबाई म्हणाली.

“असेल. मी नाही म्हणत नाही. पण आधी का नव्हती?”

“आम्ही काढली होती.”

“कुणी?”

तिनं उत्तर दिलं. खरं तेच दिलं. टायची गाठ, ‘माहिती’ विभाग, ठिगळ, यादीतला पहिला विभाग. ती जसजशी सांगत गेली तसतशी ती गोष्ट तिलाही खोटी वाटायला लागली. इतकी मूर्ख गोष्ट खरी असेल यावर शहाणी माणसं विश्वास ठेवत नाहीत. लबाडी त्यांना लगेच पटते. नातवाल्या बाई टेबलावरच्या बाटलीचं लेबल नखानं खरवडत राहिल्या.

सहाच्या सहा हात वर झाले. करार वाढवायचा नाही.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी उभी होती. दादानं नकारार्थी मान हलवली. सर्चबाई म्हणाली, “मी सगळं खरं सांगितलं, वहिनी.”

“हो ना,” वहिनी म्हणाली. “तेवढं नसतं सांगितलं तर चाललं असतं, वन्सं.”

शुक्रवारी सकाळी यंत्र आलं, पान बघून गेलं आणि सर्चमधली तारीख बदलली. करड्या अक्षरात, अगदी बरोबर, दिवस-महिना-वर्ष, सात वर्षांपूर्वीची. सर्चबाईनं ते बघितलं आणि स्क्रीन बंद केली. जाहिरातवाले आले, आकडे बघून खूश झाले, जेवून गेले. शनिवारी मालकांनी दिलेला शब्द पाळला. जुन्या बातम्या हलवा म्हणाले. ठिगळनं महिनाभर बसून एकेक उचलून ‘बातम्या’त टाकली आणि डोक्यावरची आजची तारीखही काढली. काम इतकं नीट त्यानं कधीच केलं नव्हतं.

तलाव रिकामा झाला त्या आठवड्यात साईटवर बातमी आली. नव्या वार्ताहरानं लिहिली होती. ‘जुना तलाव अखेर बंद’. तिसऱ्या परिच्छेदात होतं, ‘गेल्या महिन्यात इथं झालेल्या क्लोरीन गळतीत नऊ मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं’. त्यानं माहिती कुठून काढली? सर्चमधून. त्याची टिपणं नेमकी त्या ‘३ दिवसांपूर्वी’च्या दिवसांतली होती. आबांनी बातमी तपासली होती. तारीख आहे की नाही ते त्यांनी बघितलं. होती. वर दिसत होती, कोडातही होती, अचूक.

सर्चबाई त्यांच्या खोलीत गेली. “आबा, ही चूक आहे. गळती गेल्या महिन्यातली नाही.”

“दुरुस्ती टाकू,” आबा म्हणाले. त्यांनी टाकलीही. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. सर्चमध्ये पानाचा तळ दिसत नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती दादाकडे गेली. वहिनीनं दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवायला गेली. वन्सं म्हणाली नाही, नावानंही बोलावलं नाही. दादा सोफ्यावर बसून मोबाईलकडे बघत होता. तो वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता.

“कोण आहे इतकं?”

“विद्यार्थी,” दादा म्हणाला. “तुझं ते पान आहे ना, पाण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी. वाचून फोन करतात. रोज पंधरा-वीस येतात. एवढे तर तलाव होता तेव्हा येत नव्हते.”

ते पान ‘माहिती’तच राहिलं होतं. ते खरंच माहितीचं होतं. आता त्याच्यापुढे खोटी तारीख नव्हती, खरी नव्हती, कुठलीच नव्हती. नुसता दादाचा फोटो, कमरेएवढ्या पाण्यात, हात पसरून.

“बारके, त्याच्यावर तारीख टाकता येईल का? लोकांना कळेल तरी की जुनं आहे.”

“मी तलावाचं नाव आणि फोन काढायला सांगितला होता. मालक नको म्हणाले. पत्ता दिसला की पान खरं वाटतं म्हणे.”

“आणि तारीख?”

“तारीख दिसली तर लोक उघडणार नाहीत.”

“मी तेच म्हणतोय.”

ते पान आता पहिल्या नंबरवर होतं, टायच्या गाठीच्याही वर. ते तिचं होतं. परवाच मालकांनी त्यासाठी तिच्या नावानं कॉफी सांगितली होती, आणि ती ती प्यायली होती.

मोबाईल परत वाजला. या वेळी दादानं उचलला. पलीकडून एका बाईचा आवाज येत होता, स्पष्ट, थोडा लाजलेला. चाळिशीची आहे, पाण्याला फार घाबरते, लेख वाचून पहिल्यांदाच वाटलं की जमेल. सुरुवात कशी करायची, कधी यायचं.

दादानं एकदा बहिणीकडे बघितलं.

“आधी नुसतं काठावर बसायचं,” तो फोनवर म्हणाला. “पाय सोडून. घाई करायची नाही. सध्या आमच्याकडे तेवढंच शिकवतो.”